बिलाचा नुसता फोटो पाठवलात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी बिलांचे फोटो येऊन पडलेले असतात. सोबत 'नमस्कार' नसतो, 'जरा बघा' नसतं, प्रश्न तर नसतोच. नुसतं बिल. पाठवणारा बहुतेक करून टॉवेल-चादरीच्या धंद्यातला असतो, नाहीतर विजापूर-कलबुर्गीकडे माल पाठवणारा. त्याच्या मनात काय असतं ते आता आम्हाला पाठ झालंय. तेच इथे लिहून काढलंय. उदाहरणं सोलापूरच्या मालाची आहेत. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले घेतले आहेत.

मी काही न लिहिता बिल पाठवलं, तर तुम्ही त्यात काय बघता?

आधी दोन जीएसटी नंबर बघतो, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. माल कुठून कुठे गेला ते त्यावरून कळतं आणि कर कुठल्या प्रकारचा लागायला हवा तेही. मग मालाचं वर्णन, नग आणि एका नगाचा भाव. त्यावरून दर ठरतो. मग सूट, भाडं, हमाली नेमकी कुठल्या ओळीत धरली आहे ते. बेरीज सगळ्यात शेवटी.

पाठवणारा मात्र उलटं करतो. कॅल्क्युलेटर घेऊन तळाचा आकडा जुळवतो, जुळला की सुटला. आजकाल बिल कॉम्प्युटरवर निघतं, त्यामुळे बेरीज सहसा चुकत नाही. चूक असते ती बेरजेला दिलेल्या आकड्यांत. नमुना पुढे 'बेरीज बरोबर आहे, मग बिल बरोबर ना?' या प्रश्नात पूर्ण सोडवून दाखवला आहे.

कर बिलावर कायद्याने काय काय असलंच पाहिजे?

यादी सीजीएसटी नियमांच्या नियम ४६ मध्ये आहे. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर. बिलाचा क्रमांक आणि तारीख. घेणारा नोंदणीकृत असेल तर त्याचंही नाव, पत्ता, जीएसटी नंबर. मालाचं वर्णन, मालाचा वर्ग सांगणारा एचएसएन कोड, नग आणि एकक. एकूण किंमत, सूट वजा जाता करपात्र किंमत, कराचा दर आणि कराची रक्कम. माल राज्याबाहेर जात असेल तर पुरवठ्याचं ठिकाण राज्याच्या नावासह, आणि माल उतरवण्याचा पत्ता वेगळा असेल तर तो. कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, भरायचा आहे का, तेही. आणि सही.

या यादीतल्या तीन गोष्टींवर लोक नेहमी अडखळतात.

पहिली बिल क्रमांकाची. तो १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं, आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक पुन्हा येता कामा नये. हौसेने `2025-26/SLP/TWL/00123` असा क्रमांक पाडणारे बरेच आहेत. मोजून बघा, २१ अक्षरं होतात. `25-26/T/00123` यात तेच काम १३ अक्षरांत होतं.

दुसरी एचएसएनची. मागच्या वर्षीची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या बिलावर ४ आकडी कोड पुरतो, त्याहून जास्त असेल तर ६ आकडी लागतो. टॉवेलसाठी नुसतं '६३' लिहिलेलं कुणालाच चालत नाही. '६३०२' हवं.

तिसरी सहीची. 'हे संगणकीय बिल आहे, सहीची गरज नाही' असं खाली छापलं की झालं, असा समज आहे. सूट खरी आहे, पण ती माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिलेल्या बिलाला आहे. कागदावर छापून गठ्ठ्यासोबत टेम्पोत टाकलेल्या बिलावर सही करायला दोन सेकंद लागतात. करून टाका.

यातलं एखादं राहिलं तर खरेदीवर भरलेल्या कराचं माझं क्रेडिट बुडतं का?

लगेच नाही. ही गोष्ट फार कमी व्यापाऱ्यांना माहीत असते. नियम ३६(२) मध्ये खाली एक सवलत आहे. बिलात सगळा तपशील नसेल, पण कराची रक्कम, मालाचं वर्णन, एकूण किंमत, विकणारा आणि घेणारा या दोघांचे जीएसटी नंबर आणि राज्याबाहेरच्या व्यवहारात पुरवठ्याचं ठिकाण एवढं असेल, तर क्रेडिट घेता येतं.

म्हणजे एकक लिहायचं राहिलं, रिव्हर्स चार्जची ओळ नाही, पत्त्यात गल्लीचं नाव चुकलं, यावर क्रेडिट सोडून द्यायचं कारण नाही. पण तुमचाच जीएसटी नंबर चुकला असेल तर ते बिल दुसऱ्याच कुणाच्या खात्यात जाऊन पडतं. तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या यादीत, ते येतच नाही, आणि तिथे आल्याशिवाय क्रेडिट नाही. त्यामुळे बिल हातात पडलं की आपला नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघा. `O` आणि `0`, `I` आणि `1` यांची गफलत आम्ही दर महिन्याला बघतो.

विकणाऱ्याचा जीएसटी नंबर खरा आहे का, घरबसल्या कसं कळेल?

नंबर १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६. पुढची १० अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. तेरावं अक्षर, त्या पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं. चौदावं सहसा `Z` असतं. पंधरावं तपासणीचं, आधीच्या १४ अक्षरांवरून हिशोबाने निघालेलं. म्हणून मनाने ठोकून दिलेला नंबर पोर्टल बहुतेक वेळा तिथेच नाकारतं.

`gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये लॉगिन न करताच नंबर टाकून बघता येतो. फक्त नाव जुळतंय का एवढं बघून पान बंद करू नका. नोंदणी चालू आहे की रद्द, रद्द असेल तर कुठल्या तारखेपासून, आणि करदाता साधा की गिऱ्हाइकाकडून कर न घेता ठोक दराने भरणाऱ्या कंपोझिशन योजनेतला, हे तिन्ही तिथेच दिसतं. कंपोझिशनवाला निघाला तर त्याचा वेगळा प्रश्न खाली आहे.

टॉवेल आणि चादरीवर किती टक्के लागायला हवेत?

एचएसएनच्या प्रकरण ६३ मधल्या तयार कापडी वस्तूंचा, म्हणजे टॉवेल, चादर, बेडशीट, बेडकव्हर, नॅपकिन यांचा दर एका नगाच्या विक्री किमतीवर ठरतो. २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ही रेघ १,००० रुपयांवर होती आणि वरचा दर १२ टक्के होता.

त्यामुळे त्या तारखेनंतरच्या बिलावर बेडकव्हरपुढे १२ टक्के दिसले, तर समजायचं की कारखान्याच्या कॉम्प्युटरवर मालाची जुनी नोंद कुणी बदललेलीच नाही. सध्या आमच्याकडे येणाऱ्या दर-चुकांत हीच सगळ्यात जास्त. गंमत अशी की १,२०० रुपयांच्या चादरीवर १२ टक्के लावून विकणारा आपलंच गिऱ्हाईक महाग करून बसतो. त्याला हक्काने ५ लावता येतात.

'एका नगाची' यावर बोट ठेवून वाचा. मध्यंतरी एका बिलावर 'चादर, १ गठ्ठा, दर १२,०००, कर १८ टक्के' असं होतं. गठ्ठ्यात २० चादरी, म्हणजे नगाला ६०० रुपये आणि कर ५ टक्के. बिल करणाऱ्या पोराने एककात 'गठ्ठा' निवडला, सॉफ्टवेअरला वाटलं १२,००० ची एकच चादर आहे. एकक चुकलं म्हणून दर चुकला, दर चुकला म्हणून २,१६० रुपये कर लागला. खरा होता ६००.

सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा की आयजीएसटी?

विकणारा ज्या राज्यातला आहे आणि पुरवठ्याचं ठिकाण ज्या राज्यात आहे, ती दोन्ही एकच असतील तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, निम्मे निम्मे. वेगळी असतील तर सगळा कर आयजीएसटी. साधारण मालाचा प्रवास जिथे संपतो ते पुरवठ्याचं ठिकाण.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून माल पुण्याला गेला तर २.५ आणि २.५. तोच माल विजापूरला गेला तर ५ टक्के आयजीएसटी. अंतराचा इथे संबंध नाही. विजापूर आपल्याला पुण्यापेक्षा निम्म्याहून जवळ, पण मधे राज्याची हद्द आहे.

एकूण रक्कम दोन्हीकडे सारखीच, मग एवढं काय, असं लोक म्हणतात. विजापूरच्या दुकानदाराला विचारा. त्याची नोंदणी कर्नाटकातली, महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी त्याला वापरता येत नाही. त्याच्या २बी मध्ये ते बिल दिसतं, पण क्रेडिट न मिळणाऱ्या यादीत. तो फोन तुम्हालाच करणार. बिल एकाच्या नावावर आणि माल दुसरीकडे, अशी भानगड असेल तर खालचा पुणे-विजापूरचा प्रश्न वाचा.

बेरीज बरोबर आहे, मग बिल बरोबर ना?

नाही. हे बघा. सोलापूरच्या एका कारखान्याने विजापूरच्या नोंदणीकृत दुकानाला नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेलं बिल. नावं काढली आहेत, आकडे सोपे केले आहेत.

| माल | नग | दर | रक्कम | लावलेला कर |
|---|---|---|---|---|
| टर्किश टॉवेल | २४० | १३५ | ३२,४०० | ५% |
| चादर | ६० | ४८० | २८,८०० | ५% |
| जॅकार्ड बेडकव्हर | ४ | २,९०० | ११,६०० | १२% |

मालाची बेरीज ७२,८००. टॉवेल आणि चादरीच्या ६१,२०० वर ५ टक्क्यांनी ३,०६०, बेडकव्हरवर १२ टक्क्यांनी १,३९२. एकूण कर ४,४५२, सीजीएसटी २,२२६ आणि एसजीएसटी २,२२६ असा दाखवलेला. माल आणि कर मिळून ७७,२५२. त्यातून 'व्यापारी सूट ५ टक्के' म्हणून ३,६४० वजा. देय रक्कम ७३,६१२.

कॅल्क्युलेटरवर करून बघा, एक पैसा चुकलेला नाही. तरी या बिलात तीन चुका आहेत.

माल कर्नाटकात गेला, म्हणून कर आयजीएसटी हवा होता. ही पहिली. बेडकव्हरचा नग सूट जाऊनही २,७५५ रुपयांना पडतो, म्हणजे रेघेच्या वर, म्हणून १८ टक्के हवे होते. ही दुसरी. आणि सूट कर लावून झाल्यावर वजा केली आहे. बिलात दाखवलेली सूट आधी मालाच्या किमतीतून जायला हवी, कर उरलेल्या रकमेवर. ही तिसरी.

नीट मांडलं तर असं होतं. प्रत्येक ओळीतून ५ टक्के सूट काढली की टॉवेल ३०,७८०, चादर २७,३६०, बेडकव्हर ११,०२०. पहिल्या दोघांची करपात्र किंमत ५८,१४०, त्यावर ५ टक्के आयजीएसटी २,९०७. बेडकव्हरवर १८ टक्के, म्हणजे १,९८३.६०. करपात्र एकूण ६९,१६०, कर ४,८९०.६०, बेरीज ७४,०५०.६०. ४० पैसे राउंड ऑफ धरून ७४,०५१.

देय रकमेत फरक फक्त ४३९ रुपयांचा आहे, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. दोन चुकांनी एकमेकींना झाकलंय. दर कमी लावल्याने कर घटला आणि सूट मागून काढल्याने वाढला. दुकानदाराचं खरं नुकसान ४३९ चं नव्हतंच. ४,४५२ चं अख्खं क्रेडिट अडकलं होतं.

माझ्या हिशोबात आणि बिलात ३०-४० पैशांचा फरक येतो. ही चूक धरायची का?

नाही. प्रत्येक ओळीवर कर काढून बेरीज केली आणि बेरजेवर एकदाच कर काढला, तर पैशांत थोडं इकडंतिकडं होतंच. शेवटची रक्कम जवळच्या रुपयाला आणायची, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर. फक्त 'राउंड ऑफ' ही वेगळी ओळ असावी, तो फरक करात किंवा मालाच्या भावात मिसळू नये.

दोन ठिकाणी मात्र थांबा. राउंड ऑफमध्ये १ रुपयाच्या वर रक्कम असेल तर तिथे काहीतरी दडपलंय. आणि सीजीएसटी व एसजीएसटी एकमेकांशी जुळत नसतील तर कुणीतरी आकडा हाताने टाकलाय. ते दोन्ही नेहमी सारखेच असायला हवेत.

हमाली, पॅकिंग आणि टेम्पोचं भाडं बिलाच्या खाली नुसतं जोडलं तर चालतं का?

चालत नाही. विकणारा हे पैसे त्याच बिलात मागत असेल तर ते मालाच्या किमतीचाच भाग आहेत, आणि मालाला जो दर तोच त्यांना.

४०,००० चे टॉवेल, ५०० हमाली-पॅकिंग, १,५०० भाडं असं धरा. करपात्र किंमत ४२,०००, कर २,१००, एकूण ४४,१००. बहुतेक बिलांवर ४०,००० वर २,००० कर आणि खाली २,००० खर्च जोडून ४४,००० केलेले असतात. कर १०० रुपये कमी पडला, आणि तपासणीत तो विकणाऱ्याच्या खिशातून व्याजासकट जातो. बिलात दोन दरांचा माल असेल तर खर्च दोन्हीत किमतीच्या प्रमाणात वाटून टाकायचा.

भाडं घेणाऱ्यानेच द्यायचं ठरलेलं असेल आणि गाडी 'टू पे' असेल तर ते या बिलात येतच नाही.

'सगळे कर धरून' भाव ठरला असेल तर कर मागे कसा काढायचा?

५०० रुपयांची चादर, कर धरून. लोक ५०० चे ५ टक्के २५ काढतात आणि करपात्र ४७५ लिहितात. पण ४७५ वर ५ टक्के २३.७५ होतात, २५ नाही. मग बिल आपल्याच आकड्यात फसतं. बरोबर रीत अशी:

```
करपात्र किंमत = ५०० × १०० ÷ १०५ = ४७६.१९
कर = ५०० − ४७६.१९ = २३.८१
```

इथपर्यंत सोपं आहे. खरी अडचण भारी मालात येते, आणि मला स्वतःला ती कागदावर मांडेपर्यंत पटली नव्हती. बेडकव्हरचा भाव 'कर धरून २,७००' ठरला. ५ टक्क्यांनी मागे गेलं तर करपात्र २,५७१.४३ येते. ती २,५०० च्या वर, म्हणून दर १८ हवा. बरं, १८ ने मागे जाऊ. २,२८८.१४. ती २,५०० च्या खाली, म्हणून दर ५ हवा! कुठूनही जा, परत तिथेच.

कारण साधं आहे. ज्याची मूळ किंमत २,५०० पर्यंत, त्याचा कर धरून भाव २,६२५ च्या पुढे जाऊच शकत नाही. ज्याची मूळ किंमत २,५०० च्या वर, त्याचा भाव २,९५० च्या वरच सुरू होतो. मधल्या पट्ट्यात नियमाने कुठलाच भाव बसत नाही. म्हणून एका नगाचा कर धरून भाव २,६२५ ते २,९५० च्या मध्ये दिसला की बाकी काही बघायच्या आधीच कळतं, कुणीतरी तळाच्या आकड्यावरून उलटा हिशोब जुळवलाय. आधी मूळ किंमत ठरवा, मग कर चढवा. प्रदर्शनात गिऱ्हाईक 'गोल आकडा करा' म्हणून मागे लागतं तेव्हा हे ध्यानात असू द्या.

२,९०० च्या बेडकव्हरवर १५ टक्के सूट दिली. आता दर ५ की १८?

सूट त्याच बिलात, त्याच ओळीवर दाखवली असेल तर नगाची विक्री किंमत २,४६५ झाली, म्हणून ५ टक्के. छापील यादीतला भाव कितीही असो. म्हणूनच सूट तळाशी एकरकमी काढू नका, ओळीगणिक काढा. कुठला नग रेघेच्या खाली आला ते नाहीतर कळायची सोयच राहत नाही.

दिवाळीनंतर वर्षाच्या खरेदीवर दिलेली सूट वेगळी. ती क्रेडिट नोटने जाते, आणि तिच्यावर दर मूळ बिलाचाच राहतो.

बिल पुण्याच्या पार्टीच्या नावावर, पण माल तिच्या सांगण्यावरून थेट विजापूरला. आयजीएसटी ना?

इथे भलेभले चुकतात. नाही, सीजीएसटी-एसजीएसटी. तिसऱ्याच्या सांगण्यावरून माल दुसरीकडे पोहोचवला, तर माल त्या तिसऱ्यालाच मिळाला असं कायदा धरतो, आणि त्याच्या धंद्याचं मुख्य ठिकाण हे पुरवठ्याचं ठिकाण होतं. सांगणारी पार्टी पुण्याची, म्हणून पुरवठा महाराष्ट्रातला. पुढे पुण्याची पार्टी विजापूरला स्वतःचं बिल करेल, त्यावर आयजीएसटी येईल.

तुमच्या बिलावर मात्र दोन्ही पत्ते हवेत, घेणाऱ्याचा पुण्याचा आणि माल उतरवण्याचा विजापूरचा. नाहीतर बिल एका गावचं आणि गाडी दुसऱ्या रस्त्याला, असं वाटेत कुणी अडवलं तर समजावता समजावता संध्याकाळ होते.

विजापूरचं घरगुती गिऱ्हाईक दुकानात येऊन चादरी घेऊन गेलं. त्याला नोंदणी नाही. मग?

१ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकासाठी नियम सुटसुटीत झालाय. बिलावर त्याचा पत्ता लिहिला असेल तर तो पत्ता म्हणजे पुरवठ्याचं ठिकाण, आणि नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिल्यासारखंच धरतात. काहीच लिहिलं नसेल तर तुमचं दुकान. म्हणजे बिलावर 'कर्नाटक' आलं की आयजीएसटी, कोरं ठेवलं तर सीजीएसटी-एसजीएसटी. बिल ५०,००० किंवा जास्तीचं असेल तर नाव, पत्ता आणि राज्य लिहावंच लागतं, कोरं ठेवता येत नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दुकानात गर्दी उसळते तेव्हा बिलावरच्या पोराला एवढं आधी सांगून ठेवा.

मोठ्या कारखान्याचं बिल आलं, पण त्यावर क्यूआर कोड नाही. घ्यावं का?

विकणाऱ्याची उलाढाल २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत गिऱ्हाइकाला ई-इन्व्हॉइसच द्यावं लागतं. त्यावर पोर्टलने दिलेला ६४ अक्षरी आयआरएन क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. तो नसेल तर कायद्याच्या नजरेत ते बिलच नाही, बाकी सगळे रकाने भरलेले असले तरी. नियम ३६(२) ची वर सांगितलेली सवलत इथे कामी येईल या भरवशावर राहू नका.

समोरच्याला हे लागू आहे का, ते `einvoice1.gst.gov.in` वर त्याचा जीएसटी नंबर टाकून बघता येतं. बँका आणि मालवाहतूकदार यांच्यासारख्या काहींना यातून सूट आहे, पण टॉवेलच्या कारखान्याला नाही.

विकणारा कंपोझिशनमध्ये आहे आणि तरी बिलावर ५ टक्के लावलेत.

त्याला कर वसूल करण्याचा अधिकार नाही. त्याने 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं, त्यात कराचा रकानाच नसतो. तुम्ही दिलेल्या त्या ५ टक्क्यांचं क्रेडिट मिळणार नाही. पैसे द्यायच्या आधी बिल बदलून मागा.

बिल चुकलंय हे कळलं. पेनाने खोडून दुरुस्त केलं तर?

तुमच्या कागदावर दुरुस्त झालं, पोर्टलवर चुकीचंच राहिलं. पोर्टलवर जे आहे तेच तुमच्या २बी मध्ये येतं, त्यामुळे खोडाखोडीला काही अर्थ नाही.

विकणाऱ्याने अजून जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरलं नसेल तर काम सोपं आहे. जुनं बिल रद्द करून नवं करायचं. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर २४ तासांच्या आत रद्द होतं. जीएसटीआर-१ गेलं असेल, आणि कर किंवा किंमत जास्त लागली असेल तर क्रेडिट नोट, कमी लागली असेल तर डेबिट नोट. जीएसटी नंबर किंवा पुरवठ्याचं ठिकाण चुकलं असेल तर पुढच्या विवरणपत्रातली दुरुस्तीची सारणी. आणि आयजीएसटीच्या जागी सीजीएसटी-एसजीएसटी भरला गेला असेल, तर विकणाऱ्याला बरोबर कर पुन्हा भरून आधीच्याचा परतावा मागावा लागतो. त्यावर व्याज लागत नाही, पण तेवढे दिवस पैसे अडकतात.

घेणाऱ्याच्या हातातही एक गोष्ट आहे. पोर्टलच्या आयएमएस मध्ये आलेली बिलं स्वीकारता-नाकारता येतात, तिथे चुकीचं बिल 'स्वीकारू' नका. नाकारा किंवा प्रलंबित ठेवा, आणि त्याच दिवशी विकणाऱ्याला फोन करा. नुसतं नाकारून गप्प बसलं की महिनाभराने दोघांची भांडणं आमच्या ऑफिसात येतात.

वर सोडवलेल्या विजापूरच्या बिलाचं असंच झालं. दुकानदाराने बिल आलं त्याच दिवशी फोटो पाठवला, अर्थात एक शब्दही न लिहिता. कारखान्याचं जीएसटीआर-१ जायला आठ दिवस होते. जुनं बिल रद्द झालं, ७४,०५१ चं नवं निघालं, आणि ते ४३९ रुपये द्यायला दुकानदाराने कुरकुर केली नाही.

मालाचं जुनं बिल १२ टक्क्यांचं आहे, आता माल परत करायचाय. क्रेडिट नोट कुठल्या दराने?

१२ टक्क्यांनी. क्रेडिट नोट मूळ बिलाला बांधलेली असते, आणि ते बिल त्या तारखेला बरोबरच होतं. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी माल निघाला आणि बिलही तेव्हाचंच असेल, तर पैसे नंतर आले म्हणून दर बदलत नाही. मात्र तोच माल तुम्ही पुन्हा दुसऱ्याला विकलात, तर त्या नव्या बिलावर आजचा दर.